शब्दचर्चा: 'ओव्हरकॉन्फिडंट' मॉडेल आणि त्याचं 'रिकॅलिब्रेशन', मराठीत काय म्हणावं?

टायब्रेकर
मंडळी, पुरुषांच्या टेनिस सामन्यांचं भाकीत करणाऱ्या एका मॉडेलवर मराठीत लिहितोय. खेळाडूचं रेटिंग, कोर्टाचा प्रकार आणि अलीकडचे निकाल घेऊन ते जिंकण्याची शक्यता सांगतं. ती बुकीच्या भावाशी ताडून पैज लावायची की नाही ते ठरतं. (लेखातला माणूस ब्रिटनमध्ये राहतो, तिथे हे कायदेशीर आहे. त्यावर कृपया वेगळा वाद नको.) गोची अशी की ज्या खेळाडूंना मॉडेल ८० टक्के देतं, त्यांतले ७१ टक्केच जिंकतात. याला 'ओव्हरकॉन्फिडंट' म्हणतात आणि दुरुस्तीला 'रिकॅलिब्रेशन'. 'अतिआत्मविश्वासी प्रारूपाचे पुनर्अंशशोधन' लिहिलं तर वाचक पहिल्याच ओळीत पळतील. काय लिहू?

मापाडी
'अंशशोधन' चांगला शब्द आहे, उगाच नावं ठेवू नका. आमच्या कारखान्यात प्रेशर गेज मास्टर गेजला जोडून पाहतो, फरक नोंदवतो आणि स्टिकर लावतो. तुमचं मॉडेल ९ अंक जास्त दाखवतंय ना? मग सगळीकडून ९ वजा करा. एवढं काय त्यात?

उलटा_लॉग
काका, शब्द तुमचा घेऊ, वजाबाकी नको. हेच मॉडेल दुसऱ्या खेळाडूला २० टक्के देतंय, आणि तो प्रत्यक्षात शंभरात २९ वेळा जिंकतो. तिथे ९ मिळवावे लागतील. ५० ला मात्र काहीच करायचं नाही. म्हणजे चूक एका बाजूला सरकलेली नाही, दोन्ही टोकांकडे ताणलेली आहे. म्हणून मी 'फाजील आत्मविश्वास' म्हणेन. 'अति'पेक्षा 'फाजील' जास्त नेमका, कारण हातात पुरावा आहे त्यापेक्षा जास्त ठामपणा, हाच त्याचा अर्थ.

दुरुस्तीची एक पद्धत म्हणजे लॉजिस्टिक. तिच्यात शक्यतेचं आधी जिंकणं-हरण्याचं गुणोत्तर करतात. ८० टक्के म्हणजे ४ ला १. त्याचा नैसर्गिक लॉग १.३९. मॉडेलने शिकताना न पाहिलेल्या सामन्यांवर एक गुणक बसवायचा. इथे तो साधारण ०.६५ येईल. १.३९ गुणिले ०.६५ म्हणजे ०.९०, आणि ते परत शक्यतेत आणलं की ७१ टक्के. त्याच गुणकाने ९० चे ८१ होतात, ६० चे ५७ होतात आणि ५० तसेच राहतात. गुणक १ पेक्षा लहान आला की मॉडेल फाजील ठाम, मोठा आला तर उलट, भित्रं. टेनिसमध्ये 'पहिला खेळाडू' कोण हे चिठ्ठी टाकून ठरवलं असेल तर गुणकाबरोबर मिळवायचा स्थिरांक शून्याच्या आसपासच यायला हवा. तो भलताच आला तर आधी डेटा तपासा.

टायब्रेकर
पण ८० आणि ७१ मध्ये पैशाचा फरक किती पडतो, हे वाचकाला कसं पटवू?

उलटा_लॉग
भाव १.३६ धरा. १०० पौंड लावले तर जिंकल्यावर १३६ हातात. ८० टक्के खरं मानलं तर सरासरी १०८.८० परत, म्हणजे जवळजवळ ९ टक्के फायदा. भांडवलाचा किती हिस्सा लावावा हे सांगणारं केलीचं सूत्र तर म्हणेल की भांडवलाचा २४ टक्के हिस्सा या एका सामन्यावर लावा. ७१ टक्के धरलं तर सरासरी ९६.५६ च परत येतात. म्हणजे ही पैज लावायचीच नाही. ज्याला आपण संधी समजत होतो ती मॉडेलची बढाई होती.

सरळ_रेघ
थोडक्यात, रिकॅलिब्रेशन केलं की मॉडेल हुशार होतं.

उलटा_लॉग
अर्धं बरोबर. आकडे विश्वासार्ह होतात, जाण वाढत नाही. कोण कोणापेक्षा वरचढ हा क्रम लॉजिस्टिक पद्धतीत तसाच राहतो. बाजाराला ठाऊक नसलेलं काहीच मॉडेलला ठाऊक नसेल, तर दुरुस्तीनंतर ते एवढंच सांगेल की पैज लावू नका. तेही काही कमी नाही म्हणा.

गोळी_चूर्ण
मी फार्मसीतली. लेखात 'आयसोटोनिक' येणार असेल तर आमच्याकडे सलाईन आयसोटोनिक असतं, ०.९ टक्के मिठाचं. 'समपरासारी' लिहा.

उलटा_लॉग
ताई, तो अर्थ इथे लागू नाही. इथे आयसोटोनिक म्हणजे दुरुस्तीची दुसरी पद्धत, आणि तिची एवढीच अट की मॉडेलचा आकडा वाढला तर दुरुस्त आकडा कमी होता कामा नये. वक्राचा आकार आधी ठरवलेला नसतो, डेटाच ठरवतो. समजा, ७२ टक्क्यांच्या आसपासचे २० सामने, त्यांतले १५ जिंकले, म्हणजे ७५ टक्के. पुढच्या गटात, ७५ च्या आसपास, २० पैकी १३, म्हणजे ६५. चढायच्या जागी उतरलं! मग दोन्ही गट एकत्र करायचे: ४० पैकी २८, दोघांनाही ७० टक्के. असं उतार संपेपर्यंत करत जायचं. शेवटी पायऱ्या उरतात. मी 'चढत्या पायऱ्यांची पद्धत' म्हणतो.

सरळ_रेघ
मग हीच चांगली की! आकाराची अट नाही, डेटा सांगेल ते.

उलटा_लॉग
डेटा भरपूर असेल तर. तुटपुंज्या डेटावर ती योगायोगालाच नियम समजते. सगळ्यात वरचं टोक बघा. मॉडेलने ९४ च्या वर दिलेले सात सामने असतील आणि सातही जिंकले असतील, तर शेवटची पायरी थेट १०० टक्क्यांवर जाते. केलीच्या सूत्रात १०० घातले तर उत्तर येतं: सगळं भांडवल लावा. फाजील आत्मविश्वास काढायला गेलो आणि त्याचा कळस चढवला! हजारभर सामनेही नसतील तर मी लॉजिस्टिकच वापरतो. आणि एकच सामना दोन्ही खेळाडूंच्या बाजूने दोनदा लिहून डेटा दुप्पट झाला असं मानू नका.

मापाडी
हे पटलं. आम्हीही गेजच्या टोकाच्या आकड्यांवर कधी भरवसा ठेवत नाही. पण तुमचा मास्टर गेज कोणता?

उलटा_लॉग
नेमका प्रश्न. मास्टर म्हणजे प्रत्यक्ष निकाल, आणि तेही नंतरच्या काळातले. २०२१ पर्यंतच्या सामन्यांवर शिकवा, २०२२ वर गुणक बसवा, २०२३ वर तपासा. शिकवलेल्याच सामन्यांवर बसवलात तर गुणक १ च्या जवळ येईल आणि सगळं आलबेल वाटेल.

लंडनवाला_भाचा
मी हे केलंय. पायथनच्या scikit-learn मधल्या `CalibratedClassifierCV` मध्ये `method="sigmoid"`, म्हणजे लॉजिस्टिक पद्धत, दिली. तपासणीच्या वर्षात सगळ्या सामन्यांवर आकडे सुरेख जुळले. पण ज्यांवर पैज लावली, फक्त तेवढे वेगळे काढले तर मॉडेल अजूनही फाजीलच. कोड तीनदा तपासला.

उलटा_लॉग
एक बारीक गोष्ट: तुमचं मॉडेल रँडम फॉरेस्ट असेल तर ते फंक्शन लॉगऐवजी कच्च्या शक्यतेवरच वक्र बसवतं. मी वर सांगितलेलं गणित तेच नव्हे. पण तुमचं दुखणं दुसरं असावं. पैज तुम्ही कधी लावता? मॉडेल बाजारापेक्षा जास्त देतं तेव्हाच. म्हणजे मॉडेलच्या वरच्या अंगाच्या चुका तुम्ही स्वतःच वेचून गोळा करता. एकूण जुळणारं मॉडेल त्या वेचलेल्या गटात जुळेलच असं नाही. हाँगकाँगच्या घोड्यांच्या शर्यतींवर काम करणाऱ्या बिल बेंटर यांनी १९९४ च्या लेखात मॉडेलची शक्यता आणि लोकांच्या पैशातून दिसणारी शक्यता, दोन्ही एकाच लॉजिस्टिक समीकरणात घातल्या होत्या. तसं करून बघा.

लंडनवाला_भाचा
बाजाराचा भाव आत घातला की माझ्या मॉडेलचा गुणक जेमतेम ०.१ येतो. मग माझं असं उरलं काय?

सरळ_रेघ
फक्त पैज लावलेल्या सामन्यांवरच गुणक बसवला तर?

उलटा_लॉग
सामने फार थोडे उरतात, आणि आकडे दुरुस्त झाले की पैजांची यादीच बदलते. जाणकारांत यावर एकमत मी तरी पाहिलेलं नाही.

टायब्रेकर
'फाजील आत्मविश्वास' घेतला. पद्धतींसाठी 'लॉजिस्टिक' तसाच ठेवतो आणि दुसरीला 'चढत्या पायऱ्या'. रिकॅलिब्रेशनसाठी 'शक्यतांचं फेरशोधन' कसं वाटतं?

मापाडी
'फेरअंशशोधन' लिहा. 'फेरशोधन' म्हटलं की हरवलेली वस्तू पुन्हा शोधल्यासारखं वाटतं.