क्रिकेटच्या आकड्यांतलं काय कळत नाही, तरी कट्ट्यावर बोलावं का?

अमोल, राजारामपुरी: रंकाळ्यावर संध्याकाळी आमचा कट्टा असतोय, ॲव्हरेज न् स्ट्राईक रेटशिवाय विषय नाही, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. गप बसू का मध्ये बोललं तर चालतंय?

धनाजीकाका: बोल की. फक्त मत टाकू नको, प्रश्न टाक. ब्रॅडमनचा विषय निघाला की विचार, नॉट आऊट किती वेळा राहिला? बास, पुढचा अर्धा तास बाकीचे बोलतील.

प्रशांत: काका, त्यात विचारण्यासारखं काय? रन भागिले डाव, झालं ॲव्हरेज.

धनाजीकाका: मग कर की भागाकार. टेस्टमधले ६९९६ रन, ८० डाव. येतंय ८७ च्या वर थोडं, आणि पुस्तकात ९९.९४ लिहिलंय. वरचे १२ कुठनं आले? १० वेळा नॉट आऊट, म्हणून ७० नं भागायचं. आता गंमत बघ, १९४८ ला ओव्हलवर शेवटच्या डावात हॉलिजनं शून्यावर बोल्ड काढला, तिथं नुसता एक चौका बसला असता तर ७००० भागिले ७०, बरोब्बर शंभर. अमोलला क्रिकेट येत नसलं तरी भागाकार येतोय ना.

वैशाली: मला नाही पटत. रंगात आलेल्या गप्पा थांबवून एकाला शिकवत बसायचं, बाकीच्यांनी काय करायचं? आमचे दीर असंच मध्ये पडले, अमक्या बॉलरचं ॲव्हरेज ४० म्हणजे लईच भारी की. सगळे गप्प, मग एकानं चहाचा विषय काढला. बॉलरचं ॲव्हरेज जितकं कमी तितकं चांगलं हे त्यांना घरी आल्यावर मी सांगितलं. त्यापेक्षा ऐकावं आणि नंतर एकट्याला गाठून विचारावं.

धनाजीकाका: त्यांनी मत ठोकलं ओ वैशालीताई, विचारलं कुठं? बॉलरचं कमी चांगलं का जास्त, एवढं विचारलं असतं तर चहा लांबला असता.

सुहास: शाहूपुरी जिमखान्यावर पोरं खेळत असत्यात, तिथं जा, महिन्याभरात बॅट धरायला येईल.

अमोल: खेळायचं नाही ओ, बोलायचंय! बरं, काल भाऊसाहेब निंबाळकरांचे ४४३ निघालेले, नॉट आऊट म्हणत होते. मग पुढं खेळले का नाहीत?

धनाजीकाका: हाच टाक आज. १९४८, पुण्यात, महाराष्ट्राकडनं, समोर काठेवाड. त्यांच्या कॅप्टननं पुढं खेळायलाच नकार दिला. ब्रॅडमनचा ४५२ चा रेकॉर्ड ९ रनावर होता. आणि एवढं करून आपल्या कोल्हापूरच्या माणसाला एक टेस्ट मिळाली नाही.

प्रशांत: कॅप्टन तरी काय करणार, मॅच हातातनं गेलेलीच की.

वैशाली: गेलेली म्हणून काय झालं, दोन ओव्हर टाकायला काय जात होतं?

धनाजीकाका: घ्या, वैशालीताई पण आल्या कट्ट्यावर.

वैशाली: मला आकडे कळतात काका. अमोलनं रोज विचारलं तर पोरं आठ दिवसांत कंटाळतील, ते मी अजून म्हणतेय.