काळ्या मसाल्याचं नाव केळी वेफर्सला लावावं का?

पांझराकाठ: आमचा काळा मसाला धुळे, शिरपूर, अमळनेर भागात अठरा वर्षं विकतोय. मुलगा म्हणतो, त्याच नावाने केळी वेफर्स काढू. नाव लावावं का?

शिरपूरकर: बिनधास्त लावा. आमनाकडे लोके नाव देखीसनच लेतस. डेटॉल जखमेवर लावायचं औषध, त्याचा साबण चाललाच ना? नवं नाव रुजवायला किती पैसा घालाल?

मालवाला: डेटॉलचा साबण चालला, कारण तोही जंतूच मारतो. बिक कंपनीचं बघा. आधी पेन, मग लायटर, 1975 मध्ये रेझर. तिन्ही स्वस्त, वापरा नि फेका, म्हणून चालले. 1980 च्या दशकाच्या शेवटी त्याच नावाने अत्तर काढलं, ते पडलं. नाव तेच होतं, पण अत्तर घेताना कुणाला फेकाऊपणा नको असतो.

तुमच्या पुड्यावर बाईचा विश्वास कशाचा? शेवभाजीत चमचाभर टाकला की गेल्या महिन्यासारखाच रंग आणि वास येतो, याचा. खारे वेफर्स करताना तो विश्वास काही कामाला येत नाही. काळा मसाला लावलेले वेफर्स किंवा शेवभाजीचं तयार वाटण असेल तर येतो. तीसेक जुन्या गिऱ्हाइकांना काही न दाखवता विचारा, "आमच्या नावाचे वेफर्स कसे असतील?" बहुतेक जण तिखट म्हणाले, तर खाऱ्याचा नाद सोडा.

दादरची भाकर: आमचं ऐका. कळण्याचं पीठ आम्ही मसाल्याच्याच चक्कीवर दळलं. भाकरीला मसाल्याचा वास! पिठाचे पुडे परत आले ते आलेच, वर एका काकूंनी विचारलं, "मग मसाल्यातही पीठ जात असेल का रे?" तोटा पिठात आणि डाग मसाल्यावर.

शिरपूरकर: तो चक्कीचा दोष, नावाचा कसा?

मालवाला: काकूंनी चक्की कुठे पाहिली? त्यांनी पुड्यावरचं नाव वाचलं. वेफर्समध्ये तर तेलाचा धोका. मसाला फडताळात वर्षभर निघतो. वेफर्सच्या पुड्याचं सील जरा सैल राहिलं की मऊ पडतात, तेल खवट होतं. उन्हात टांगलेला एक खवट पुडा पुरे. आधी एकाच तालुक्यात, मोजक्या दुकानांत ठेवा. पहिली ऑर्डर दुकानदार तुमच्या शब्दावर घेईल, तिचं काही धरू नका. दुसरी तो स्वतःहून मागतो का आणि त्याच दुकानांत मसाल्याचा खप घटतो का, हे बघा. आणि हो, मसाल्याचा ट्रेडमार्क वर्ग 30 मध्ये असतो, वेफर्सचा 29 मध्ये. वेगळा अर्ज करावा लागेल.

पांझराकाठ: मुलगा म्हणतो, नाव वेगळं ठेवू आणि खाली बारीक अक्षरात 'मसालेवाल्यांकडून' लिहू.

शिरपूरकर: बारीकच लिहायचं तर लिहिता कशाला?

मालवाला: मला ते पटतं. वेफर्स बिघडले तर मसाल्याला कमी झळ लागेल. पण ती ओळ वाचून कुणी पुडा उचलेल का, ते दुकानात ठेवल्याशिवाय कळायचं नाही.

दादरची भाकर: तळणार कुठे, मसाल्याच्याच शेडमध्ये का?