मदत हवी आहे: अँकर बोल्ट १६ मिमी सरकले, प्लेट बदलू का?

भोसरीत १२ मीटर रुंद शेडचं काम चालू आहे. पेडेस्टल ४५० चौरस, बेस प्लेट ३०० × ३०० × २० मिमी, २०० मिमी अंतरावर चार एम२४ बोल्ट. काँक्रीट ओतताना टेम्प्लेट हललं आणि एका पेडेस्टलचे दोन बोल्ट १६ मिमी बाहेर गेलेत. कॉलम अजून खालीच आहे.

फॅब्रिकेटर म्हणतो, गरम करून वाकवू. मला ते पटत नाही. पत्र्याची शेड हलकी, वाऱ्याने वर उचलली जाते. तेव्हा ताणाखाली वाकडा बोल्ट सरळ होऊ पाहतो, बाजूचं काँक्रीट फोडतो आणि प्लेट सैल होते.

भोक लांबवून वर जाड वॉशर प्लेट वेल्ड करता येते, पण इथे बोल्टच्या मध्यापासून प्लेटची कड ५० वरून ३४ मिमीवर येते. २६ च्या भोकालाही साधारण ३९ लागतात. म्हणून जागेवर माप घेऊन ३५० ची नवी प्लेट लावावी असं वाटतं.

बोल्ट कापून केमिकल अँकर कुणी लावलेत का? कडेपासून जेमतेम १२५ मिमी मिळतात, शिवाय ड्रिल सळईला लागायची भीती. उचल घेणाऱ्या कॉलमला ते चालतील का?