एस. आर. रंगनाथन की शि. रा. रंगनाथन?

मुद्रितशोधक
एका स्मरणिकेत ग्रंथालयशास्त्रावर लेख आहे. लेखकाने 'एस. आर. रंगनाथन' लिहिलं होतं, संपादकांनी 'शि. रा. रंगनाथन' केलं. "आपण वि. स. खांडेकर लिहितो, व्ही. एस. खांडेकर नाही," असं त्यांचं म्हणणं. सूचीत 'रंगनाथन' हे आडनाव धरून आधी घेतलं. आणि एका केरळी लेखिकेने आपलं आद्याक्षर नावानंतर लिहिलंय, ते त्यांनी उचलून पुढे आणलं. तिन्ही बदल मला खटकतायत, पण का ते सांगता येत नाहीये. तुम्ही काय ठेवलं असतं?

दादरचा बंड्या
संपादकांचं बरोबर आहे. देवनागरीत लिहिताय ना, मग एस आणि आर कशाला? दक्षिणेत आद्याक्षर म्हणजे वडिलांचं नाव. आपल्याकडेही मधे वडिलांचंच नाव असतं. जागा इकडची तिकडे, एवढाच फरक.

कावेरीकाठ
बंड्याभाऊ, फरक एवढाच नाही. मी पंधरा वर्षं तमिळनाडूत काढली आणि पहिली दोन वर्षं याच गैरसमजात होतो.

'वि. स. खांडेकर' यातली आद्याक्षरं काढा. उरतं ते कुळाचं नाव, आणि माणूस 'वि.'मध्ये गेला. आता 'एस. आर. रंगनाथन'मधली काढा. उरतो तो स्वतः माणूस. एस म्हणजे शियाळी, हे सीरकाळी या गावाचं इंग्रजी वळणाचं रूप. आर म्हणजे रामामृत, वडील. रंगनाथन हे त्यांचं स्वतःचं, आईवडिलांनी ठेवलेलं नाव. आडनाव त्यात नाहीच. गणितज्ञ रामानुजन यांच्या आधीचं 'श्रीनिवास' हे वडिलांचं. बुद्धिबळातला आनंद हा आनंदच, विश्वनाथन त्याचे वडील. तरी बाहेरच्या देशांत त्याला लोक 'विशी' म्हणतात, म्हणजे चक्क वडिलांच्या नावाचं लाडकं रूप!

तमिळनाडूत जातदर्शक शेपूट गाळण्याची चळवळही झाली. 1929 साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेनंतर पेरियारांनी आपल्या नावातलं 'नायकर' सोडलं. मागचं शेपूट गेलं की ओळखीला पुढचं आद्याक्षरच उरतं.

म्हणून सूचीत 'रंगनाथन, एस. आर.' हे बरोबरच आहे, पण संपादकांनी दिलेलं कारण चुकीचं. ते 'र'खाली येतात ते आडनाव म्हणून नव्हे, नाव म्हणून.

आणि आद्याक्षर दरवेळी वडिलांचंच असतं असंही नाही. देवेगौडांच्या एच. डी.मधला एच म्हणजे हरदनहळ्ळी, गाव. एम. एस. सुब्बुलक्ष्मींचा एम मदुराईचा आणि एस आईच्या नावाचा, षण्मुखवडिवू. पी. टी. उषांचं पी. टी. घराण्याच्या नावातून आलंय. तेलुगूत तर घराण्याचं नाव आधीच लागतं. पी. व्ही. नरसिंह रावांचा पी म्हणजे पामुलपर्ती, आपण ज्याला आडनाव म्हणू तेच.

दादरचा बंड्या
बरं, वडिलांचं माझं चुकलं. पण मग 'शि. रा.' का नको? गाव असो की बाप, अक्षर मराठीत लिहा.

सुलेखा_ठाणे
आमच्याकडचंच सांगते. आमचे जावई तमिळ. त्यांना आडनाव नाही, नुसतं एक आद्याक्षर आणि नाव. पॅनच्या अर्जात आद्याक्षर चालत नाही, पूर्ण नाव लिहा म्हणतात, आणि आडनावाचा रकाना सगळ्यांत आधी. त्यांनी तिथे वडिलांचं नाव भरलं. झालं! ऑफिसातले सगळे त्यांना आमच्या व्याह्यांच्या नावाने हाक मारतात. प्रत्यक्ष व्याही घरी आले की दोघंही ओ देतात. तर अर्जात काय भरायचं हे कोणी नीट सांगेल का?

कावेरीकाठ
सुलेखाताई, धाग्याचा प्रश्न अर्जाचा नाही, पण मुद्रितशोधकांच्या तिसऱ्या बदलाचं उत्तर तुमच्या गोष्टीत आहे. आद्याक्षर मागे सरकतं ते बऱ्याचदा अशाच रकान्यांमुळे. 'नाव' आणि 'आडनाव' असे दोन खण समोर आले की माणूस स्वतःचं नाव पहिल्यात घालतो आणि उरलेलं अक्षर दुसऱ्यात. केरळात तर नावामागे आद्याक्षर लिहिणं आता सर्रास दिसतं. ते चूक नाही, त्या व्यक्तीने निवडलेलं रूप आहे. लेखिकेने मागे लिहिलं असेल तर मागेच ठेवा.

जावयांच्या बाबतीत मी एवढंच पाहीन की पॅन, पासपोर्ट आणि बँक तिन्हीकडे विस्तार हुबेहूब एक आहे ना. एका ठिकाणी आद्याक्षर आणि दुसरीकडे पूर्ण नाव असलं की जुळणी अडते.

चौकटराजा
आपल्याकडेही घोळ काही कमी नाही. व्ही. शांताराम यांचा व्ही कुठला? वणकुद्रे, म्हणजे आडनाव. सी. रामचंद्र यांचा सी म्हणजे चितळकर. दोघेही मराठी आणि आडनावाचं आद्याक्षर पुढे! दक्षिणेची पद्धत म्हणून हसण्याआधी हे बघा.

आता बंड्यासाठी. मराठीत आद्याक्षर म्हणजे इंग्रजीसारखा सुटा वर्ण नसतो, पहिलं अख्खं अक्षर असतं, काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळं धरून. चिंतामण त्र्यंबक खानोलकर म्हणजे 'चिं. त्र्यं. खानोलकर'. 'चि. त्र. खानोलकर' लिहिलं तर चूक. प्रत्येक अक्षरानंतर टिंब आणि जागा, आणि ओळ तुटताना आद्याक्षरं मागच्या ओळीत एकटी राहू द्यायची नाहीत. 'श्री.' असेल तर आणखी गंमत. श्री. ना. पेंडसे यातला 'श्री.' श्रीपादचा, आदराचा नव्हे. आदर दाखवायचा तर 'श्री. श्री. ना. पेंडसे' असं दोनदा लिहावं लागेल. कोणी तरी त्यातला एक खोडणार, हे नक्की.

पण जी. ए. कुलकर्णींना 'गु. आ. कुलकर्णी' आणि एस. एम. जोशींना 'श्री. म. जोशी' करून बघा, कोणी ओळखणार नाही. नाव ज्या रूपात रूढ आहे ते रूप मोडायचं नाही. रंगनाथन 'एस. आर.' म्हणूनच माहीत आहेत.

दादरचा बंड्या
रूढ रूप कोणी केलं? इंग्रजी छापखान्यांनी. तमिळ लोक स्वतः काय लिहितात?

कावेरीकाठ
इथे बंड्याच्या बाजूने एक मुद्दा द्यावा लागेल. तमिळमध्येही आपल्यासारखंच अख्खं अक्षर घेतात. स्टालिन यांचं इंग्रजीत एम. के., तमिळमध्ये 'मु. क.', कारण वडील मु. करुणानिधी आणि 'मु.' म्हणजे आजोबा मुत्तुवेल. जुनी तमिळ हस्तलिखितं शोधून छापणारे उ. वे. सामिनाथ अय्यर तर 'उ. वे. सा.' म्हणूनच ओळखले जातात, जसे आपले पु. ल.

पण म्हणून 'शि. रा.' सुटत नाही. 'शि.' आलं शियाळी या इंग्रजी रूपावरून. तमिळ गावावरून धरलं तर 'सी.' होईल. 'रा.'साठी तमिळमध्ये पुष्कळदा 'इरा.' लिहितात. म्हणजे संपादकांचं 'शि. रा.' ना तमिळ, ना इंग्रजी, ना रूढ मराठी. मी 'एस. आर.' ठेवीन, आणि पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव देईन: शियाळी रामामृत रंगनाथन.

दादरचा बंड्या
मग स्टालिन यांना 'मु. क.' लिहायला तरी हरकत नसावी!

चौकटराजा
तमिळमध्ये रूढ आहे, मराठीत नाही. वाचक मु. क. म्हणजे कोण म्हणून अडखळेल.

दादरचा बंड्या
पहिल्यांदा 'पु. ल.' छापलं तेव्हाही अडखळलाच असेल की.

मुद्रितशोधक
संपादकांशी बोललो. केरळी लेखिकेचं आद्याक्षर परत मागे गेलं. सूचीत 'रंगनाथन, एस. आर.' राहिलं. लेखातलं 'शि. रा.' मात्र ते सोडायला तयार नाहीत, म्हणून पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव टाकलंय. एकाच अंकात दोन रूपं झाली, आणि फॉर्म उद्या छपाईला जातोय.