मदत हवी आहे : पक्षाघातानंतर आई फक्त हिंदीच बोलतेय, सराव कोणत्या भाषेत करावा?

गोदाकाठ_नांदेड
आई 67 वर्षांची. माहेर देगलूरकडचं, घरात तेलुगू. लग्न मराठी घरात झालं, त्यामुळे 45 वर्षं आमच्याशी, शेजारपाजारी मराठीच. हिंदी शाळेतली, नंतर बाजारापुरती.
पाच आठवड्यांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला. रिपोर्टमध्ये 'लेफ्ट बेसल गँग्लिया' लिहिलंय, म्हणजे मेंदूच्या आतला डावीकडचा भाग. उजवा हात कमजोर आहे. डॉक्टर म्हणाले अफेझिया आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं भाषा अडलीय, हळूहळू बोलेल. बोलू लागली, पण हिंदीत! परवा भाजी अळणी झाली तर ताटाकडं बोट करून म्हणाली, "नमक... नमक नहीं." 'मीठ' आठवेना, 'उप्पु' तर नाहीच. मामानं तेलुगूत विचारलं, "तिन्नावा?" तिला बरोबर कळलं, उत्तर दिलं, "खा लिया."
मामाचा चेहरा पडला. घरातले म्हणताहेत, हिंदी बोलायचं बंद करा, नाहीतर तेच बसेल. खरं आहे का?

पाटीलबुवा
मातृभाषाच आधी परत येते, नियमच आहे तो. आमच्या आजोबांचं तसंच झालं. दिवसभर तेलुगू लावून ठेवा, बाकी सगळं बंद.

लातूरची_सून
माझ्या सासऱ्यांचंही असंच, शब्द जड येतात, लाळ गळते. जिभेचे व्यायाम कोणते करू?

वाचा_उपचार
लातूरच्या ताई, सासऱ्यांना शब्द आठवतोय पण उच्चार जड येतोय, असं दिसतं. ते वेगळं. गिळताना ठसका लागतो का, हे आधी डॉक्टरांना दाखवा. व्यायाम त्यानंतर.
पाटीलबुवा, मातृभाषा टिकते असं फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी 19व्या शतकातच म्हटलं होतं. 1895 मध्ये फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी म्हटलं, रोजच्या वापरातली भाषा आधी येते. पहिल्याच्या हिशेबानं या माउलीला तेलुगू यायला हवी, दुसऱ्याच्या हिशेबानं मराठी. आणि त्या बोलतात हिंदी. बऱ्याचदा सगळ्या भाषा बरोबरीनं सुधारतात, म्हणून अशी केस चटकन डोळ्यात भरते.
1993 मध्ये इटलीतले संशोधक अग्लिओती आणि फाब्रो यांनी अशीच एक बाई नोंदवली. आयुष्यभर वेनेतो बोली बोलणारी, इटालियन क्वचितच. बेसल गँग्लियाला इजा झाल्यावर बोली अडली, इटालियन चालू राहिली. एक स्पष्टीकरण असं : लहानपणापासूनची भाषा आपण सायकल चालवावी तशी, विचार न करता बोलतो, आणि त्या सवयीचं काम या भागातून चालतं. पुस्तकातून शिकलेली भाषा आठवून आठवून बोलतो, तिचा रस्ता वेगळा. दुसरं स्पष्टीकरण : भाषा पुसलेली नसते, दाबली गेलेली असते. "तिन्नावा" कळलं ना? म्हणजे तेलुगू आत आहे, बाहेर येत नाही.
पण घाई नको. वॉर्डात त्यांच्याशी तेलुगू कोण बोललं?

गोदाकाठ_नांदेड
कुणीच नाही. सिस्टर हिंदीत बोलायच्या. स्पीच थेरपिस्टही फक्त मराठीतच घ्यायचे.

वाचा_उपचार
मग आधी मोजा. घरातल्या 20 वस्तू दाखवून नावं विचारा : तांब्या, मीठ, चप्पल, कंगवा. एका दिवशी एकच भाषा, आणि त्या दिवशी विचारणाऱ्यानंही तीच बोलायची. एकाच बैठकीत तिन्ही विचारल्या तर आधीची भाषा पुढचीला ओढते. एक-दोन-तीन म्हणणं आणि भजन धरू नका, ते पाठ असतं म्हणून येतं. आणि पूर्वी कोणती भाषा किती यायची तेही लिहा. बाजारी हिंदी पूर्वीइतकीच आली तर ती पूर्ण परतली असं म्हणावं लागेल, मराठी अर्धी आली तरी तिथं तोटाच मोठा.
हिंदी बंद करू नका. पाणी मागायची तेवढीच वाट उघडी आहे.

गोदाकाठ_नांदेड
मोजलं. हिंदी 13, मराठी 8, तेलुगू 3. पण मामा चार दिवस राहून गेला, त्यानंतर तेलुगू 9 आणि हिंदी 6! काल पाणी मागितलं ते "नीळ्ळु" म्हणून, आम्हा कुणालाच कळेना, मामाला फोन लावला. हे चांगलं की वाईट?

पाटीलबुवा
मी म्हणलं नव्हतं का? मातृभाषा!

वाचा_उपचार
पाटीलबुवा, हिंदी 13 वरून 6 वर का आली, ते सांगा आधी. एक भाषा वर येताना दुसरी खाली जाते, असंही होतं. मोरोक्कोतल्या एका ननची केस 1982 मध्ये संशोधक पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी छापली. एके दिवशी अरबी चालायची आणि फ्रेंच अडायची, दुसऱ्या दिवशी उलट. फक्त दोन मोजण्यांवरून तुमच्या आईचं तेच आहे असं मी म्हणणार नाही. थकवा असेल, वस्तू पाठ झाल्या असतील. वस्तू बदला, आठवड्यातून दोनदा, दिवसाच्या ठरलेल्या वेळीच मोजा.
सरावासाठी मराठी घ्या, कारण घरात तीच ऐकू येणार. मामांना रोज दहा मिनिटं व्हिडिओ कॉल. मराठीचा सराव तेलुगूला उपयोगी पडेलच असं नाही, कधी पडतो, कधी नाही. आणि हा तक्ता थेरपिस्टना दाखवा.

गोदाकाठ_नांदेड
नव्या 20 वस्तू काढल्यात. मामा आज रात्री आठला फोन करणार आहे. तीन आठवड्यांनी इथंच आकडे टाकते.