साडीच्या गोंड्यांना पांढरी कड: पीएनजीच ठेवायचं का?

साडीवाली, इंदूर: आमचं माहेश्वरी साड्यांचं दुकान आहे. साइटसाठी साडीमागची पांढरी भिंत कापून फोटो पारदर्शक करतो. एकेक पीएनजी 1.9 एमबीची होते. वेबपी केली तर साइटच्या गडद मरून रंगावर पदराच्या गोंड्यांना पांढरी कड दिसते. पीएनजीच ठेवू का?

छावणीकर: ताई, पीएनजीच ठेवा. वेबपी आणि एव्हीआयएफ फोटो दाबतात. दाबला की कड बिघडणारच.

पिक्सेलवाला: अर्धंच बरोबर आहे, भाऊ. लॉसी वेबपीत रंग दाबले जातात, पण पारदर्शकता वेगळी साठवलेली असते आणि `cwebp` ती, आपण मुद्दाम सांगितलं नाही तर, जशीच्या तशी ठेवतं.

ताई, मूळ पीएनजीच मरून रंगावर ठेवून बघा. तिथेही कड दिसली तर दोष कापणीचा. गोंड्याच्या धाग्याच्या काठचे पिक्सेल अर्धे पारदर्शक असतात, आणि त्यांच्यात मागच्या भिंतीचा पांढरा रंग मिसळलेला राहतो. पांढऱ्या पानावर तो लपतो. कड धाग्याच्या रंगात रंगवून घ्या, मग पुन्हा करा:

```
cwebp -q 80 -sharp_yuv sadi.png -o sadi.webp
```

`-sharp_yuv` जरीसाठी. लॉसी वेबपीत चार पिक्सेलांना मिळून एकच रंगछटा मिळते, त्यामुळे मरूनवरची बारीक सोनेरी रेघ मळकट दिसू लागते.

साडीवाली, इंदूर: पीएनजीतही कड होतीच! पांढऱ्यावर कधी दिसलीच नाही. काठ सुधारले, आता वेबपी 148 केबी. त्यातले 31 केबी `transparency` असं दाखवतंय.

रात्रपाळी: तोच फोटो एव्हीआयएफमध्ये शंभर केबीच्या आत यायला हरकत नाही. शिवाय `avifenc` ला `-y 444` दिलं की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो, जरी स्वच्छ राहते. मात्र तिथे पारदर्शकतेची गुणवत्ताही खाली आणता येते, आणि मोह तिथेच होतो. मी एकदा `--qalpha` 40 वर नेला, तर गोंड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत धुरकट डाग उमटले. आता तो 100 च ठेवतो.

ग्वाल्हेरची मावशी: आमच्या गणेश मंडळाचं चिन्ह वेबपीत दिलं तर फ्लेक्सवाल्याने परत पाठवलं. पीएनजीच मागतो तो.

पिक्सेलवाला: मावशी, तो छपाईचा भाग झाला, तिथे पीएनजीच द्या. साइटवरही चार सपाट रंगांचं चिन्ह असेल तर `pngquant` केलेली पीएनजी काही केबींतच बसते. मोठी तफावत फोटोंमध्येच पडते.

छावणीकर: कडेचं मान्य. पण एव्हीआयएफ नको. सफारीत ती 2022 च्या 16 व्या आवृत्तीपासून चालते, वेबपी 2020 पासून. जुना आयफोन वापरणारं गिऱ्हाईक साडी न बघताच जाईल.

रात्रपाळी: त्यासाठी `<picture>` आहे की, एव्हीआयएफ आधी आणि वेबपी मागे.

साडीवाली, इंदूर: सहाशे साड्या आहेत, दोन-दोन फायली सांभाळणारा मुलगा एकच. सध्या वेबपी टाकते. जरीच्या दहा-बारा साड्यांवर एव्हीआयएफ करून बघते, डोळ्यांना फरक दिसला तरच पुढचं.