मदत हवी आहे: उशीर कळवणाऱ्या निरोपात पर्याय लिहावा का?

लक्ष्मी रोडवरच्या एका ब्लाउज शिवणाऱ्या काकांचे व्हॉट्सॲप निरोप मी नीट लिहून देते. त्यांचा मूळ मजकूर: "ताई, आरीवाला आला नाही, दोन-तीन दिवसांत होऊन जाईल." यात ग्राहक दोन दिवस धरतात, काका तीन, आणि मोजायचे कधीपासून तेही कळत नाही.

आरीकाम गुरुवारी येणार, पुढे शिलाईला एक दिवस. शुक्रवार जमला असता, पण तारीख पुन्हा पुढे गेली की विश्वासच जातो, म्हणून मी शनिवार धरला:

"नमस्कार ताई, तुमचा हिरवा ब्लाउज बुधवारी, ११ तारखेला द्यायचा होता. आरीकामाला उशीर झाल्याने तो शनिवारी, १४ तारखेला संध्याकाळी ६ नंतर मिळेल. तसदीबद्दल क्षमस्व. त्याआधी कार्यक्रम असेल तर आजच कळवा."

अडलंय ते शेवटच्या वाक्यावर. कार्यक्रम शुक्रवारी असेल तर आरीशिवाय शिवून देणं किंवा कापड आणि ॲडव्हान्स परत करणं, एवढंच शक्य आहे. हे पहिल्याच निरोपात लिहावं का? काका म्हणतात, लिहिलं तर थांबू शकणारेही पैसे मागतील. मला वाटतं, न लिहिल्यास अडचणीतला ग्राहक दुसरा शिंपी शोधेल. शिलाईच्या धंद्यातल्यांनी सांगा, तुम्ही कसं लिहिता?